चिठ्ठी खिशात, पुस्तक घरी

ताई, मी चोपडा तालुक्यातली. जी.एन.एम. होऊन आठ वर्षं झाली, त्यातली पाच लेबर रूममध्ये गेली. यंदा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. महिन्यातले पंधरा दिवस नाइट असते. घरी दोन लहान मुलं, त्यामुळे दिवसा डोळा लागला तर लागला. पहाटे तीन-चारला वॉर्ड जरा शांत होतो, तेव्हा पुस्तक उघडते. पण एकच पान चारदा वाचते आणि सकाळी काहीच आठवत नाही. सोबतची सिस्टर टोमणा मारते की पगार पेशंटचा घेते आणि अभ्यास स्वतःचा करते. दोन महिने बिनपगारी रजा टाकून घरी बसून अभ्यास करू का?

— एक स्टाफ नर्स

तुला ‘तू’च म्हणते गं, चालेल ना? मीही खान्देशातल्याच एका तालुक्याच्या दवाखान्यात, लेबर रूमलाच, अकरा वर्षं नाइट केल्या. पोस्ट बेसिक केलं ते छत्तिसाव्या वर्षी. पुढे नर्सिंग कॉलेजात शिकवलं आणि आता निवृत्त होऊन धुळ्यात राहते. तेव्हा तुझं ते चारदा वाचलेलं पान मला चांगलं ओळखीचं आहे.

आधी माझी फजिती सांगते. तयारीच्या पहिल्या महिन्यात मीही मिडवाइफरीचं जाडजूड पुस्तक डब्याच्या पिशवीतून न्यायची. तीनला राउंड आटोपला की ड्युटी टेबलावर रिपोर्ट बुकाआड ते उघडायचं. एका रात्री मी प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर वाचत बसले होते. कोपऱ्यातल्या खाटेजवळची म्हातारी उठून आली आणि हळूच म्हणाली, “बाई, नळीमा रंगत यी ऱ्हायनं.” जाऊन पाहिलं तर सलाईनची बाटली कोरडी, थेंबांची कुपी रिकामी आणि रक्त नळीत हातभर वर चढलेलं. सुई गोठून गेली होती, ती काढून दुसऱ्या हातावर नवी लावावी लागली. पेशंटला अपाय झाला नाही. पण बाळंतीण मुलीला दुसऱ्यांदा टोचताना तिची आई माझ्याकडे जशी बघत होती, ते मी विसरलेले नाही. आणि गंमत म्हणजे रक्तस्रावावरचं ते पान? सकाळी त्यातलंही काही आठवेना.

तुझ्या सोबतच्या सिस्टरचा टोमणा म्हणूनच मी पूर्ण खोटा ठरवणार नाही. ड्युटीवर पुस्तक उघडणं चूकच आहे. ड्युटीवर अभ्यास करणं मात्र चूक नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला तो महिना लागला.

पहाटेचं वाचन डोक्यात का राहत नाही, ते आधी बघू. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान दिवसभरातलं सर्वांत कमी असतं आणि लक्षही तेव्हाच सर्वांत पातळ होतं. नाइटची सवय झाली म्हणून हा उतार जात नाही, कारण आपलं शरीर घड्याळ मिळवतं ते उजेडाशी, ड्युटी चार्टशी नव्हे. अशा वेळी डोळे ओळींवरून फिरतात, शब्द ओळखीचे वाटतात, आणि ओळखीचे वाटले की आपल्याला वाटतं, येतंय की! ओळखणं निराळं आणि पान मिटून स्वतः सांगता येणं निराळं. परीक्षेत दुसरंच लागतं, आणि पहाटे चारला झोपाळलेल्या डोळ्यांनी केलेलं वाचन पहिल्यापुरतंच होतं.

त्यात लेबर रूममधला मोकळा वेळ म्हणजे किती? कळा जोरात असलेल्या बाईच्या बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने ऐकायचे असतात. एक बाई तपासून, नोंद करून, हात धुऊन बसलीस की पुढच्या नोंदीपर्यंत पंधरा-वीस मिनिटं हातात येतात, तीही फार तर. पुस्तकातला विषय पंधरा मिनिटांत मावत नाही. एक प्रश्न मात्र मावतो.

त्या रात्रीनंतर मी पुस्तक घरी ठेवलं. जुन्या कॅलेंडरची पानं कापून पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या केल्या आणि एप्रनच्या खिशात ठेवू लागले. एका चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहायचा, आणि तो ‘का’ने विचारायचा. प्रश्न त्या रात्रीच्या पेशंटवरूनच काढायचा. चिठ्ठीवर पेशंटचं नाव किंवा खाट नंबर कधीही नाही. उत्तर रात्री शोधायचं नाही, दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर घरी पुस्तकात शोधायचं. एवढाच नियम. तो किती कामाचा आहे हे कळलं ते पावसाळ्यातल्या एका रात्री. ती रात्र सविस्तर सांगते, कारण तुझ्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर तिच्यातच आहे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून एकोणीस वर्षांची पहिलटकरीण आणली होती. आई सांगत होती, “दुपारपाईन डोकं दुखी ऱ्हायनं म्हने.” पायांना सूज, बी.पी. १७०/११०, आणि जीपमध्येच एक झटका येऊन गेलेला. एक्लॅम्पसिया. डॉक्टरांनी मॅग्नेशियम सल्फेट सुरू करायला सांगितलं. आमच्याकडे शिरेतून आणि कमरेत अशा दोन्ही वाटांनी द्यायची पद्धत होती: आधी ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, लगोलग दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम, आणि पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम, आलटून पालटून एका बाजूला.

अँप्युल ५० टक्क्यांची, २ मिलीची, म्हणजे एका अँप्युलात १ ग्रॅम. शिरेतून द्यायच्या ४ ग्रॅमसाठी चार अँप्युल, म्हणजे ८ मिली औषध, त्यात १२ मिली नॉर्मल सलाईन मिसळून २० मिली केलं की ते २० टक्क्यांचं होतं. ५० टक्क्यांचं औषध तसंच शिरेत जात नाही, हे तुला माहीत आहेच. कुल्ल्यातल्या प्रत्येक इंजेक्शनला पाच अँप्युल, १० मिली, पातळ न करता. हे हिशोब मला पाठ होते, तुलाही असतील. प्रत्येक पुढच्या डोसाआधी बघायच्या तीन गोष्टीही पाठ होत्या: गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, आणि मागच्या चार तासांत लघवी किमान १०० मिली झाली का.

पहिले डोस रात्री दहाला गेले. त्यानंतर झटका आला नाही. बाराच्या सुमारास बाळ झालं, लहानखुरं पण रडणारं. आई झोपली.

दोनला मी पाच अँप्युल फोडायला घेतल्या. पाचपैकी दोन भरूनही झाल्या होत्या. मग वाटलं, तपासून तरी घ्यावं. खरं सांगते, ‘वाटलं’ एवढंच. कारण ती इतकी शांत झोपली होती की सगळं ठीक दिसत होतं. लघवीची पिशवी बघितली तर चार तासांत ६० मिली. गुडघ्यावर हॅमर मारला, पाय हलला नाही. पाय नीट सैल ठेवून परत मारला. दुसऱ्या पायावर मारला. काही नाही. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजले, १६ भरले. म्हणजे श्वास अजून नियमात बसत होता, बाकी दोन्ही गोष्टी बसत नव्हत्या.

डोस थांबवला, कॅल्शियम ग्लुकोनेटची १० टक्क्यांची, १० मिलीची अँप्युल ट्रेमध्ये काढून ठेवली, ऑक्सिजन जवळ ओढला आणि डॉक्टरांना उठवलं. त्यांनी डोस वगळायला सांगितला आणि श्वास दर पंधरा मिनिटांनी मोजायला लावले. श्वास खाली गेले असते तर ते कॅल्शियम शिरेतून हळूहळू द्यावं लागलं असतं. तशी वेळ आली नाही. साडेपाचच्या सुमाराला उजवा पाय हॅमरखाली जरासा हलला, आणि पिशवीत लघवीही वाढली.

सगळं निवल्यावर डॉक्टरांनी चहा पिता पिता विचारलं, “सिस्टर, तीनच गोष्टी का बघायच्या? आणि आधी गुडघाच का?” मला उत्तर आलं नाही. शंभरदा केलेलं काम, आणि त्याचं कारण ठाऊक नाही! मी खिशातून चिठ्ठी काढली आणि लिहिलं: “मॅग्नेशियममुळे श्वासाआधी गुडघा का गप्प होतो?”

दुसऱ्या दिवशी चारला उठून, भाकरी टाकायच्या आधी, वीस मिनिटं पुस्तक घेऊन बसले. शोध एकाच गोष्टीचा होता, म्हणून पान भराभर सापडलं. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरतं तेव्हा तिथून ॲसिटिलकोलीन सुटतं आणि स्नायूला हलायचा निरोप मिळतो. मॅग्नेशियम कॅल्शियमची वाट अडवतं. निरोप कमी झाला की स्नायू ढिले पडत जातात. रक्तातलं मॅग्नेशियम लिटरला ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंट असतं तोवर झटके आवरतात आणि बाई सुरक्षित असते. १० च्या आसपास गुडघ्याचा रिफ्लेक्स जातो. १२ च्या पुढे श्वासाचे स्नायू थकू लागतात. म्हणजे श्वास जायच्या आधी गुडघा आपल्याला सांगतो, आणि त्या दोन आकड्यांच्या मधला वेळ हाच सिस्टरचा वेळ.

आता बघ, त्या एका ‘का’तून काय काय सुटलं. उतारा म्हणून कॅल्शियमच का द्यायचं, हे वेगळं पाठ करायची गरज उरली नाही. अडवलेल्या वाटेवर कॅल्शियम वाढवायचं, म्हणून. लघवी का मोजायची? तर मॅग्नेशियम शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडातूनच, लघवी कमी झाली की ते रक्तात साठत जातं. माझ्या पेशंटच्या गुडघ्याचं कारण तिच्या पिशवीतल्या ६० मिलीत होतं. इतकी वर्षं तीन सुट्या गोष्टी म्हणून पाठ केलेलं सगळं एकाच दोरीत ओवलं गेलं. जी.एन.एम.ला आपल्याला ‘काय’ आणि ‘केव्हा’ घोटून घेतात, पोस्ट बेसिकला आणि तिच्या प्रवेशाला ‘का’ विचारतात. तुझ्याकडे आठ वर्षांचं ‘काय’ आधीच आहे, बाहेरच्या क्लासला जाणाऱ्या मुलींकडे ते नसतं.

त्या चिठ्ठीच्या मागे मी उत्तराचे चारच शब्द लिहिले: “कॅल्शियम, ॲसिटिलकोलीन, गुडघा, मूत्रपिंड.” त्या रात्री ड्युटीवर जाताना एस.टी.त चिठ्ठी उलटी न करता पूर्ण उत्तर मनात सांगितलं. दोनदा अडखळले. तीन दिवसांनी परत काढली, मग आठवड्याने, मग महिन्याने. अडखळले की तेवढ्याच जागेवर पुस्तक उघडायचं. ड्युटीवरच्या पंधरा मिनिटांत काय करायचं, ते हेच: नवं वाचायचं नाही, जुनी चिठ्ठी बघून उत्तर आठवायचं. आठवायला डोळे लागत नाहीत. सलाईनचे थेंब बघत, खाटांमधून फिरत ते होतं, आणि कुणी हाक मारली तर प्रश्न अर्ध्यात सोडता येतो. आणि फोन? तो टेबलाच्या खणात. फोनवरच्या पीडीएफमध्ये जितका वेळ जातो, तितकाच वेळ ती बाटली रिकामी व्हायला लागतो.

तीन ते पाच मात्र चिठ्ठ्यांनाही सुट्टी दे. त्या वेळी औषधाचा हिशोब करायची वेळ आली तर एकदा कागदावर कर आणि सोबतच्या सिस्टरला तपासायला दे. मी एकदा पहाटे चारला ५०० मिली सलाईन आठ तासांत द्यायचं म्हणून २० थेंबांच्या सेटवर ५०० गुणिले २० भागिले ८ केलं, आणि उत्तर आलं मिनिटाला १२५० थेंब. नळ सोडला तरी एवढे पडणार नाहीत! तास मिनिटांत घ्यायचेच राहिले होते. ४८० ने भागलं की २०.८, म्हणजे २१ थेंब. माझी चूक इतकी मोठी होती की लगेच दिसली. लहान असती तर दिसली नसती.

घरच्या बाजूने एकच गोष्ट धरून ठेव, ती झोप. सकाळी आल्यावर “आता जरा वाचून मग झोपते” हे करू नकोस. रात्री आठवलेलं पक्कं होतं ते झोपेतच. पहाटे तीननंतर चहा बंद. त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात, आणि नवाला अंथरुणावर पडून छताकडे बघत बसायची वेळ येते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ वर जातो, दुपारची सलग झोप तेव्हा विसरच. मी उन्हाळ्यात झोपेचे दोन तुकडे करायची: मुलं शाळेत किंवा सासूबाईंजवळ असताना सकाळी नऊ ते एक, आणि संध्याकाळी पाचपासून ड्युटीला निघेपर्यंत दीड तास. ओला पंचा खिडकीला, डोळ्यांवर काळी पट्टी. सासूबाईंना नुसतं “झोपते” म्हणू नकोस, वेळ सांग: एक वाजेपर्यंत उठवू नका. माझ्या सासूबाई आधी रुसल्या, मग स्वतःच दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना परत पाठवायच्या.

आता या पद्धतीची उणी बाजूही ऐक. लेबर रूममधल्या चिठ्ठ्यांतून तुझं प्रसूतिशास्त्र, बऱ्यापैकी शरीरक्रियाशास्त्र आणि नवजात बाळाची काळजी एवढं पक्कं होईल. मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य, मेडिकल-सर्जिकलचा मोठा भाग तिथे कधी येणारच नाही. माझ्या पहिल्या सराव परीक्षेत मानसिक आरोग्याच्या प्रश्नांत मी साफ आडवी झाले होते. हे विषय नाइट ऑफच्या दिवशी बसूनच करावे लागतात. झोप भागल्यावर दीड-दोन तासांची एकच बैठक, त्यात एक प्रकरण, आणि शेवटची वीस मिनिटं पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. त्यातूनही चार-पाच चिठ्ठ्या काढ, म्हणजे पुढच्या आठवड्याच्या रात्रींना पुरतील. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या त्याही ऑफलाच, घड्याळ लावून.

रजेचं म्हणशील तर दोन महिने आत्ता टाकू नकोस. पगार जाईल, घरच्यांना वाटेल ही आता घरीच आहे, आणि दुपारच्या पाहुण्यांपासून गव्हाच्या निवडणीपर्यंत सगळं तुझ्याकडे येईल. मी एका मैत्रिणीचं असंच झालेलं पाहिलंय. दोन महिन्यांत तिने तीन प्रकरणं केली आणि दोन लग्नं निभावली. परीक्षेची तारीख जाहीर झाली की आधीचे बारा-पंधरा दिवस माग, आणि इन्चार्ज सिस्टरला आजच तोंडी कल्पना देऊन ठेव, म्हणजे त्या महिन्याचा ड्युटी चार्ट लागताना तुझं नाव त्यांच्या लक्षात राहील. त्याच बोलण्यात हेही सांग की ड्युटीवर पुस्तक आणि फोन उघडणार नाही, खिशात फक्त चिठ्ठ्या असतील, बघायच्या तर बघा.

सोबतच्या सिस्टरला हिशोब तपासायला देशील, तेव्हा एखादी चिठ्ठीही दे. माझ्यावर चिडणारी जी होती, ती दोन महिन्यांनी मलाच प्रश्न विचारू लागली, आणि मला उत्तर आलं नाही की मनापासून खूश व्हायची.

तुझ्या पहिल्या चिठ्ठीचा प्रश्न मीच देते. लेबर रूममध्ये कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचं सलाईन रोज कुणाला ना कुणाला चालू असतंच. ते जास्त मात्रेत, बराच वेळ चाललेलं असलं, तर त्या बाईला किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली हे का मोजायचं? उत्तर मी इथे लिहीत नाही. उद्या झोप झाल्यावर, चारच्या चहाआधी, पिट्यूटरीचं प्रकरण उघड.